एक जुलैची माणसं

बाबांच्या सूतगिरणीत खात्याच्या दाराशी हवेची एक रबरी नळी लटकलेली असायची. ती मशीनवरची रुई उडवायला. पण पाळी सुटली की कामगार तिच्यापुढे उभे राहायचे आणि एकमेकांच्या अंगावरची रुई उडवून घ्यायचे. डोकं, भुवया, कानामागची खाच, शर्टाची कॉलर. असं करू नये अशी पाटी शेजारीच लावलेली होती आणि तिच्यावरही रुई बसलेली असायची. त्या नळीमुळे बाबा आम्हाला कधी पांढरे दिसले नाहीत. घरी यायचे ते डबा हातात, केस मागे वळवलेले, जणू कुठल्या कचेरीतून आल्यासारखे.

शनिवार, २९ जून २०२४ ला ते त्या नळीपुढे उभे राहिले नाहीत. ३० तारीख रविवारची, साप्ताहिक सुट्टीची, म्हणून शेवटचा दिवस एक दिवस आधीच आला होता. मी अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले होते आणि दुपारी तीनच्या भोंग्याला भावाची स्कूटी घेऊन गेटसमोर थांबले होते. बाबा बाहेर आले तर भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, खांद्यावर हिरवी शाल आणि शालीवरही रुई. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात डबा. मी म्हटलं, "बाबा, हे काय? उडवली नाही?" ते म्हणाले, "राहू दे. आज तुह्या आईले दिसू दे."

दुपारी बारालाच जा म्हणून मास्टरांनी सांगितलं होतं. बाबा गेले नाहीत. रिंग फ्रेमवर सायडर होते ते. त्यांच्या ताब्यातल्या मशीनवर हजारच्या वर चात्या, आणि प्रत्येक चातीवर एक तार. तार तुटली की बॉबिन उचकून तिचं टोक काढायचं, ट्रॅव्हलरमधून ओवायचं आणि वरून उतरणाऱ्या रुईच्या पेळूला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अलगद चिकटवायचं. चार-पाच सेकंदांचं काम. पण उन्हाळ्यात खात्यातली दमट हवा जरा कोरडी पडली की तारा तटातट तुटतात, आणि मग आठ तास माणूस त्या दोन रांगांमधून फेऱ्या घालत राहतो. बाबांना बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची सवय आहे. लहानपणी मला वाटायचं ते पैसे मोजतात.

कँटीनची उरलेली कुपनं, लॉकरची किल्ली, कानातले बोळे असं सगळं जमा करून त्यांनी 'काही येणे बाकी नाही'च्या कागदावर सही केली. गिरणीने ग्रॅच्युइटीचा हिशेब तयार ठेवला होता. शेवटचा पगार मूळ आणि महागाई भत्ता धरून १४,३०० रुपये. नियम असा की महिना २६ दिवसांचा धरायचा आणि नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यायचा. बाबांची नोकरी १ सप्टेंबर १९९८ पासूनची, म्हणजे २५ वर्षं १० महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून २६. वरचे सव्वीस आणि खालचे सव्वीस कापले गेले आणि सरळ पंधरा पगार झाले: २,१४,५०० रुपये. ते महिनाभरात आले. घराच्या स्लॅबचं कर्ज फिटलं, उरलेले आईच्या नावावर ठेवले. ह्या पैशाबद्दल बाबा कधी फार बोलले नाहीत. त्यांचं लक्ष पेन्शनीकडे होतं.

त्याचं कारण मला माहीत आहे. आमच्या भागात गिरणी आणि म्हातारपण हे दोन शब्द एका वाक्यात फारसे चांगले बसत नाहीत. अकोल्याची सावतराम आणि मोहता, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल, ह्यांची नावं आता बसस्टॉपला आणि रस्त्याला उरली आहेत. अचलपूरची फिनले २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. आणि ज्या मामाकडे मी शाळेच्या सुट्टीत जायचे त्याने तीस हंगाम जिनिंगात काढले. दिवाळीला रेचे सुरू झाले की जायचं, होळीच्या आसपास सरकीची धूळ झटकून घरी यायचं. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव होतं, पीएफच्या कुठल्याही खात्यात नव्हतं. आता तो भाच्यांच्या लग्नात पंगती वाढतो आणि "तुह्या बापाले महिना लागला ना?" असं विचारतो. त्या प्रश्नात हेवा नसतो. तरी बाबांना तो ऐकताना अवघडल्यासारखं होतं.

तर पेन्शन. मी एका दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर बसते. विम्याचे फॉर्म, आधार, ओटीपी ह्यांच्यातच माझा दिवस जातो. म्हणून घरच्यांनी हे काम माझ्याकडे दिलं आणि मीही 'दहा मिनिटांचं काम आहे' असं म्हणून बसले. कामगारांची ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत. मालक भविष्य निधीत जे १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शनीच्या फंडात जातात, उरलेले कामगाराच्या पीएफमध्ये. त्यामुळे बाबांनी हा पैसा कधी पाहिलाच नव्हता. वय ५८ झालं, किमान दहा वर्षं भरलेली असली, की १०-डी नावाचा फॉर्म भरायचा आणि मरेपर्यंत दरमहा पेन्शन.

ह्या फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आई-बाबांचा असा फोटो लग्नातला एकच, आणि त्यात दोघांच्याही कपाळावर मुंडावळ्या. राजकमल चौकाजवळच्या एका स्टुडिओत त्यांना नेलं. फोटोवाला आईला म्हणाला, काकू, जरा जवळ सरका. आई सरकली नाही, तिने फक्त मान कलती केली. "एवढ्याशा फोटोसाठी मी कायले लागतो?" तिने विचारलं. बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहतच उत्तर दिलं, "मी गेलो तर अर्धी तुले भेटते. तवा तूच हायेस का दुसरी, हे त्याइले समजलं पायजे ना." फोटोत आई हसताना आली आहे ती ह्यामुळे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फॉर्म ऑनलाइन गेला. दावा पूर्ण असेल तर तो वीस दिवसांत निकाली काढायचा असा नियम आहे. मी बाबांच्या मोबाइलवर पाहायची जागा दाखवून दिली, आणि ती चूक झाली. सातच्या पाळीची सवय, पहाटे पाचला उठायचे आणि चहाच्या आधी मोबाइल. तिथे रोज तेच दोन इंग्रजी शब्द. मग मला फोन. "बाई, अजून अंडर प्रोसेसच हाय." आषाढीला हेच, कामिका एकादशीला हेच. पेरण्या आटोपल्या, कपाशी गुडघ्याला आली. घरात बसलेल्या बाबांना पाहायची आईला सवय नव्हती. ते दुपारी तीनला, भोंग्याच्या वेळेला, अंगणात येऊन उभे राहायचे असं तिने सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शब्द बदलले. दावा नामंजूर. कारण दिलं होतं ते वाचून मीही पाच मिनिटं गप्प होते: सभासदाचं वय ५८ झाल्यावरही पेन्शनची वर्गणी भरलेली आहे.

बाबांचं वय ५८ झालं ३० जूनला. वर्गणी भरली जूनपर्यंत. मग नंतर कुठे?

अकोल्याला मी राहते आणि अमरावती जिल्ह्याचा भविष्य निधीचा कारभारही अकोल्याच्याच कार्यालयातून चालतो, हे त्यातल्या त्यात बरं. बाबा सकाळच्या गाडीने आले. मदतीच्या खिडकीवर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि पासबुक उघडलं. पीएफचं हे पासबुक कुणालाही आपल्या मोबाइलवर बघता येतं आणि दर महिन्याच्या ओळीत तीन रकाने असतात: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनची वर्गणी. आम्ही आजवर पाहिली ती नेहमी खालची एकूण रक्कम. बाईंनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. जानेवारी २०२४, १,१९१ रुपये. फेब्रुवारी, १,१९१. असं जूनपर्यंत सहा वेळा. "अठ्ठावन्न झाले की पुढच्या महिन्यापासून इथे शून्य यायला पाहिजे," त्या म्हणाल्या, "सगळे बारा टक्के पीएफमध्ये जायला पाहिजेत. ह्यांचं शून्य जानेवारीपासून यायला हवं होतं." मी म्हटलं, जुलैपासून. त्यांनी वर दाखवलं. जन्मतारीख: १ जानेवारी १९६६.

बाबा म्हणाले, "माही एक जुलै हाय."

मग धागा सापडला. काही वर्षांपूर्वी पीएफच्या खात्याला आधार जोडायची घाई चालली होती. बाबांचं आधार काढलं होतं ते गावातल्या शिबिरात. तिथे कागद नसला की वय विचारायचे, तारीख नाही. आणि नुसतं साल कळलं की यंत्र आपोआप त्या सालचा १ जानेवारी धरायचं. पीएफमध्ये १ जुलै, आधारवर १ जानेवारी, दोन्ही जुळेनात. तेव्हा कुणीतरी जुळवून टाकलं, पीएफमधली तारीख आधारप्रमाणे करून. बाबांची सही त्या कागदावर असणार. तेव्हा एका दिवसात शंभर जणांच्या सह्या होत होत्या. गिरणीच्या हजेरी रजिस्टरला मात्र हे कुणी सांगितलं नाही. तिथे १ जुलै तशीच राहिली आणि गिरणीने तिच्या तारखेप्रमाणे बाबांना निवृत्त केलं. म्हणजे संगणकाच्या मते बाबा सहा महिने आधीच म्हातारे झाले होते आणि गिरणी एका निवृत्त माणसाची वर्गणी भरत होती.

खिडकीवरच्या बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली, आणि ती इतरांच्याही उपयोगाची आहे: तारीख दुरुस्त होईपर्यंत पीएफचे पैसे काढायचा फॉर्म भरू नका. खातं रिकामं झालं की त्याच खात्यातली दुरुस्ती अवघड होऊन बसते. आधी आधार, मग गिरणी आणि सभासद दोघांच्या सहीचा दुरुस्तीचा अर्ज, मग १०-डी, मग बाकीचं. आणि पुरावा शाळेचा. जानेवारी २०२४ पासून भविष्य निधीत जन्मतारखेला आधार हा पुरावा म्हणून चालत नाही. ज्या आधारमुळे तारीख बदलली तेच आता पुरावा नव्हतं. मी हसले. बाबा हसले नाहीत.

शाळा म्हणजे दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावची जिल्हा परिषदेची. खारपाणपट्ट्यातलं गाव, पावसाळ्यात काळी माती चपलेला पायासकट धरून ठेवते. बाबा आणि मी चपला हातात घेऊनच शाळेत शिरलो. हेडमास्तरीण बाईंनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. कापडाने बांधलेलं, कडांना वाळवीने कुरतडलेलं, शाई तपकिरी झालेली. १९७२ सालचं पान. ते दुष्काळाचं वर्ष, पण त्या वर्षीही पोरं शाळेत दाखल झाली होती. बाबांचं नाव सातवं. जन्मतारीख अंकी, आणि पुढे अक्षरी: एक जुलै एकोणीसशे सहासष्ट. अक्षर फार सुंदर होतं. मी सवयीने रकाना वरून खाली वाचत गेले. एक जुलै. एक जुलै. एक जून. एक जुलै. पानावर बावीस मुलं होती आणि त्यातली सतरा एक जुलैला जन्मली होती.

वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या शाळेत हे पान मिळेल. घरच्यांना तारीख माहीत नसायची, मास्तरांना पहिलीत घ्यायला सहा पूर्ण पाहिजे असायची, मग शाळा सुरू होतानाची तारीख आणि सहा वर्षं मागे. आमच्या लोकांचे वाढदिवस असे मास्तरांच्या दौतीतून निघालेले आहेत. बाबांच्या खात्यात त्या वर्षी निवृत्त झालेले चारजण, चौघांचीही एक जुलै.

परतताना बाबा एसटीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा म्हणाले, "बुढी म्हने, तू तुरीच्या सोंगनीत झाला."

बुढी म्हणजे त्यांची आई, माझी आजी. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तूर सोंगायची वेळ म्हणजे पौष, म्हणजे डिसेंबर सरता सरता नाहीतर जानेवारी. ती तुरीच्या शेतातूनच घरी आली होती आणि रात्री बाबा झाले, हे तिने मलाही सांगितलेलं आहे. धुऱ्यावर पेंढ्या तशाच राहिल्या म्हणून आजोबा चिडले होते, एवढ्या तपशिलासकट. म्हणजे शिबिरातल्या यंत्राने आंधळेपणाने टाकलेली तारीख खऱ्याच्या जवळपास होती, आणि इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेली खोटी. पण आजीच्या सांगण्याला दाखला नव्हता. मी गंमत म्हणून म्हटलं, "मग जानेवारीच ठेवली असती तर? सहा महिने आधीपासूनची पेन्शन मिळाली असती." हे अगदी खोटं नाही. ५८ नंतर नोकरीत असलं तरी पेन्शन सुरू होते, आणि चुकून भरलेली सहा महिन्यांची वर्गणी पीएफमध्ये वळवता येते. पण त्यासाठी जानेवारीचा कागद लागला असता. बाबा म्हणाले, "कागद असन थेच खरं. जाऊ दे."

आधार केंद्रात पन्नास रुपये भरून दाखला दिला. तिथे बोटं ठेवायला सांगितली. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मुलाने ओल्या फडक्याने पुसून बघितलं, तर्जनी घेतली, तीही नाही. काचेवर बाबांच्या चिमटीचे दोन गुळगुळीत ठसे उमटले होते, त्यांत रेषा अशा दिसतच नव्हत्या. पंचवीस वर्षं तारा जोडताना त्या पेळूबरोबर गेल्या असाव्यात. शेवटी डोळ्यांवर काम झालं. दुर्बिणीसारख्या त्या यंत्रात बाबा बघत राहिले आणि मुलगा म्हणत राहिला, काका, डोळे मोठे करा, अजून मोठे. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा आहे, तो बोटाने होणार नाही हे तेव्हाच कळलं. आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही तो देता येतो, ती सोय मी त्यांना शिकवून ठेवली आहे. तो दाखला कधीही दिला तरी तिथून पुढे वर्षभर चालतो, नोव्हेंबरची रांग लावायची गरज नाही.

ऑगस्ट ह्यातच गेला. गिरणीतल्या बाबूंच्या सहीसाठी बाबा तीनदा त्याच गेटवर गेले आणि तिन्ही वेळा वॉचमनने त्यांची वहीत नोंद केली: पाहुणे. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, हसून, आणि मग बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले. पोळ्याच्या आधी तारीख दुरुस्त झाली. गणपतीत १०-डी पुन्हा गेला. महालक्ष्म्या जेवल्या, उठल्या. पितृपक्ष लागला.

ह्या काळात पारावर एक सूत्र फिरत होतं आणि ते बाबांना पाठ झालं होतं. पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी बाबांच्या बाबतीत १३,३०० रुपये. भागिले ७०, झाले १९०. म्हणजे नोकरीच्या एका वर्षाला महिन्याचे १९०. वीस वर्षांच्या वर नोकरी असली की दोन वर्षं बोनस मिळतो, म्हणून २६ चे २८. एकशे नव्वद गुणिले अठ्ठावीस, ५,३२०. हा आकडा बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. आईने त्या आकड्यात किराणा, गॅस, वीजबिल बसवून पाहिलं होतं आणि बसत होतं.

सोमवार, ३० सप्टेंबर. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत खात्यात यावी असं ठरलेलं आहे, फक्त मार्चची एप्रिल लागल्यावर येते. दुपारी चारला मेसेज आला. बाबांनी फोन केला नाही, मेसेज पुढे पाठवला. १०,८५४ रुपये. तीन महिन्यांचे. मी तीनने भागलं, ३,६१८. आणि फोन हातात घेऊन बसून राहिले, कारण आता कॅलेंडरच्या मागचा आकडा मलाच पुसायचा होता.

संध्याकाळी बडनेऱ्याला गेले. बाबांनी मेसेजवर विश्वास ठेवला नव्हता, बँक बंद व्हायच्या आत पासबुकावर छापून आणलं होतं. शाई पुसट होती म्हणून त्यांनी ती ओळ दोनदा छापायला लावली आणि दोन ओळी एकमेकींवर बसून आकडा जाड झाला होता. मी कागद घेऊन समजावलं. पेन्शनीसाठी पगाराची कमाल मर्यादा आधी ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ ला ती १५,००० झाली. म्हणून त्या तारखेच्या आधीची वर्षं जुन्या मर्यादेने धरतात, शेवटचा पगार काहीही असो. बाबा लागले सप्टेंबर १९९८ ला, म्हणजे बरोबर सोळा वर्षं जुन्या मर्यादेत गेली. ६,५०० भागिले ७०, त्र्याण्णवला थोडे कमी. सोळा त्र्याण्णव, १,४८६ च्या आसपास. नंतरची दहा वर्षं एकशे नव्वदने, १,९००. बोनसच्या दोन वर्षांचे अडीचशेच्या आसपास. बिनपगारी दिवस वजा. आले ३,६१८.

बाबांनी कागद पाहिला. "म्हंजे सोळा वर्सं त्र्याण्णवच्या भावानं गेली."

"हो."

"आन तवाच तारा जास्त तुटे."

ह्यात महागाई भत्ता नाही. दहा वर्षांनीही आकडा हाच राहील, कायदा बदलला नाही तर. बुलडाण्याला जिल्हाधिकारी कचेरीसमोर ह्या पेन्शनवाल्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं, साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता ही मुख्य मागणी. आजवर किमान पेन्शन एक हजार आहे, तीही २०१४ ची. शेजारचे एक काका तिथे जाऊन एक दिवस बसून आले आहेत. बाबांना त्यांनी विचारलं, चलता का. बाबा म्हणाले, आधी लागू तर द्या.

आईने पासबुक घेऊन उजेडात धरलं. "अर्धी म्हंजे किती?" तिने विचारलं. मी म्हटलं, अठराशे नऊ. "बाप्पा," ती म्हणाली आणि आत गेली. सर्वपित्री अमावास्या परवावर आली होती, आजीचं पित्तर त्याच दिवशी घालतात आमच्याकडे. वड्यांसाठी डाळ भिजवायची होती, काशीफळ आणायचं होतं. आतून डब्यांचे आवाज येत राहिले.

बाबा ओट्यावर बसले होते. कॅलेंडर उलटून त्यांनी मागचा आकडा पेनाने खोडला, त्याच्याखाली ३,६१८ लिहिलं आणि पान पुन्हा सरळ केलं. "पुढची कवा?"

"ऑक्टोबरच्या शेवटच्या कामाच्या दिवशी."

त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या तर्जनीच्या गुळगुळीत टोकाने एकेक उंचवटा आणि खाच मोजत गेले. जानेवारी उंच, फेब्रुवारी खोल, मार्च उंच. बोट ऑक्टोबरवर येऊन थांबलं. "एकतीसचा हाय," ते म्हणाले.